‘आमचीच चूक झाली शेठ’ : माल भिजला, हरवला तर माफीचा मेसेज कसा लिहायचा?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जे जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट मांडलंय.

मनमाड जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर तुम्ही कधी ना कधी ताटकळत बसला असालच. गाडी दोन तास लेट. आणि मग भोंग्यातून तो शांत आवाज येतो, गाडी उशिराने धावत असल्याचं सांगतो आणि झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. आपण वैतागतो, चहा घेतो, पुन्हा बसतो. पण त्या घोषणेत काय नसतं ते कधी ऐकलंय? गाडी कुणामुळे लेट झाली, चूक कुणाची, तुम्हाला काय भरून देणार, यातलं काहीच नसतं. फक्त एवढंच : तुमची गैरसोय झाली, आम्हाला वाईट वाटतं.

आता त्याच स्टेशनच्या बाहेर या. समजा, एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. काउंटरवर बावीस वर्षांचा पोरगा बसलाय, हातात मोबाइल. मालेगावच्या एका व्यापाऱ्याने कापडाची १० बंडलं अहिल्यानगरला पाठवायला बुक केलीत. रात्री जुलैचा पाऊस झाला. सकाळी मनमाडच्या गोदामात गाडी उतरवताना ४ बंडलं ओली निघाली. पोरगा मनाने चांगला आहे, त्यामुळे लगेच व्हॉट्सअ‍ॅप करतो :

‘सॉरी शेठ, आमच्या पोरांनी ताडपत्री नीट बांधली नाही, तुमचा माल भिजला. आमचीच चूक आहे. टेन्शन घेऊ नका, सगळं भरून देतो.’

माणूस म्हणून हा मेसेज झकास आहे. कायद्याच्या नजरेने बघितलं तर यात चार वेगवेगळ्या गोष्टी एका दमात लिहिल्यात. एकेक सोडवून बघू.

एका मेसेजमधली चार वाक्यं

पहिली गोष्ट, ‘सॉरी शेठ’. ही भावना आहे. दुसरी, ‘तुमचा माल भिजला’. ही डोळ्यांनी दिसणारी घटना आहे. तिसरी, ‘ताडपत्री नीट बांधली नाही, आमचीच चूक’. हे कारण आणि दोष. चौथी, ‘सगळं भरून देतो’. हे वचन.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी बिनधास्त लिहा. अडचण तिसरी आणि चौथीत आहे.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. आधीच्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी तो आला. त्याचं कलम १५ सांगतं की तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं जे विधान वादातल्या एखाद्या मुद्द्याबद्दल काही सुचवतं, ते ‘कबुली’ ठरू शकतं. ‘मी कबूल करतो’ असं लिहायलाच पाहिजे असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर घाईत टाकलेली एक ओळसुद्धा पुरेशी असते.

‘अहो, पण मेसेज तर काउंटरवरच्या पोराने टाकला, मालकाने कुठे?’ कलम १६ त्याचीच सोय करतं. मालकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्याला उघड किंवा परिस्थितीवरून दिलेला दिसतो, त्याचं विधान मालकाचंच धरलं जाऊ शकतं. ऑफिसच्या नंबरवरून रोज तोच पोरगा ग्राहकांशी बोलत असेल, तर ‘तो कोण? आम्ही ओळखत नाही’ म्हणणं अवघड जातं.

काही देशांनी यावर वेगळाच मार्ग काढलाय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ मध्ये आणि हाँगकाँगने २०१७ मध्ये खास माफीचे कायदे केले. तिथे माफी मागितली म्हणून तेवढ्यावरून जबाबदारी ठरवता येत नाही. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून आपल्याकडे शब्द जपून वापरावे लागतात.

‘भिजला’ आणि ‘भिजवला’

आपल्या मराठीने इथे मोठी सोय करून ठेवलीय. माल भिजला, काच फुटली, पेटी दबली, पार्सल पोहोचलं नाही, ही क्रियापदं फक्त काय झालं ते सांगतात. आम्ही भिजवला, पोराने फोडली, आम्ही झाकलं नाही, ही क्रियापदं कुणी केलं तेही सांगून टाकतात. तपास होईपर्यंत पहिल्या गटातली क्रियापदं वापरायची. ती खोटी नसतात. सकाळी आठ वाजता तुम्हाला खरोखर तेवढंच माहीत असतं.

तसंच ‘दिलगीर आहोत’ आणि ‘माफ करा’ यांत फरक आहे. दिलगिरी म्हणजे वाईट वाटणं. माफी मागितली जाते ती काहीतरी चुकल्याबद्दल. नुसत्या ‘माफ करा’ने कुणी केस हरत नाही. पण ‘माफ करा, आमचं चुकलं’ असं जोडून आलं की ऐकणाऱ्याला दोष स्पष्ट दिसतो. त्यापेक्षा ‘वाईट वाटलं’, ‘तुमची अडचण कळते’ हे शब्द जास्त मायेचे आहेत आणि सुरक्षितही.

मग कारण लिहायचंच नाही का?

लिहायचं, पण कळल्यावर. आपल्याच केसमध्ये बघा. बंडलं ओली कशामुळे झाली? ताडपत्री फाटली असेल. मालेगावला लोड करतानाच भिजली असतील. ऑफिसने बाहेरची गाडी भाड्याने घेतली असेल आणि तिच्या हौद्याला गळती असेल. पोराने यातलं एक कारण अंदाजाने निवडलं आणि लेखी देऊन टाकलं. उद्या गाडीमालकाकडे नुकसान मागायला गेलं की तो हाच मेसेज दाखवेल : तुम्हीच लिहिलंय ना, तुमच्या पोरांनी ताडपत्री नीट बांधली नाही!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. रस्त्यावरच्या मालवाहतुकीसाठी २००७ चा रस्त्याने वाहतूक कायदा आहे आणि तो वाहतूकदाराच्या बाबतीत मुळातच कडक आहे. त्याच्या कलम १२ नुसार माल खराब झाला किंवा पोहोचला नाही, तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाने सिद्ध करायची गरज नसते. जुन्या कायद्यातही असंच होतं. २००० साली पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात, जनरेटर वाहतूकदाराच्या गोदामातल्या आगीत जळाले होते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हाच नियम ग्राहक मंचातही लागू आहे. म्हणजे ‘चूक’ हा शब्द गाळला की जबाबदारी गायब होते, असा गैरसमज करून घेऊ नका.

‘पावसामुळे भिजला, आमचा काय दोष’ हेही चालत नाही. कायद्यात दैवी आपत्तीची सूट आहे. पण योग्य काळजी घेऊन नुकसान टाळता आलं असतं, तर ती सूट मिळत नाही. जुलैत पाऊस पडणार हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उलट आज ‘पाऊस’ लिहिलं आणि उद्या फाटक्या ताडपत्रीचा फोटो निघाला, की तुमच्या बाकीच्या शब्दांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

शिंपी, ड्रायक्लीनर, मोबाइल रिपेअरवाला यांच्यासाठी कारण आणखी महत्त्वाचं आहे. ते वाहतूकदार नाहीत, लोकांची वस्तू सांभाळायला घेणारे आहेत. भारतीय करार कायद्याची कलमं १५१ आणि १५२ म्हणतात की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली असेल, तर वेगळा करार नसताना त्यांची जबाबदारी येत नाही. तिथे पूर्ण वाद ‘काळजी घेतली की नाही’ यावरच असतो. येवल्याची पैठणी पॉलिशला आलीय आणि तुम्ही लिहिता, ‘ताई, पोरगा इस्त्री चालू ठेवून चहाला गेला’. हे अंदाजाने लिहिलं असेल, तर वादाचा निकाल तुम्ही स्वतःच लिहून दिलात.

‘सगळं भरून देतो’ केवढ्याला पडतं?

आता चौथं वाक्य. आकडे घेऊन बघू. समजा, १० बंडलांची बिल्टीवर जाहीर केलेली किंमत ८०,००० रुपये, म्हणजे एक बंडल ८,००० चं. भाडं १,५०० रुपये. ४ बंडलं पूर्ण खराब धरली तर नुकसान ३२,००० रुपये.

२००७ च्या कायद्याखालचे २०११ चे नियम सांगतात की वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते आणि ती जाहीर किमतीच्या वर जात नाही. इथे भाड्याची दहापट म्हणजे १५,००० रुपये. ग्राहकाने आधीच जास्त जोखमीचा दर भरला असेल तर ही मर्यादा लागत नाही. ऑफिसच्याच माणसाने माल चोरून विकला असेल तर मामला गुन्ह्याचा होतो, तिथे सरळ वकील गाठा. पण साध्या केसमध्ये १५,००० आणि ३२,००० यांच्यात १७,००० रुपयांचा फरक आहे. पोराने तीन शब्दांत तो सोडून दिला. निदान ग्राहकाचा वकील तरी तसंच म्हणणार : मर्यादा होती, पण यांनी स्वतःहून पूर्ण भरपाई कबूल केली.

लिहिलेल्या मर्यादेला कोर्ट किती मान देतं याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९६ साली भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात कुरिअरने पाठवलेली कागदपत्रं पोहोचली नव्हती. सही झालेल्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा छापलेली होती. ग्राहकाचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त होतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. तुमच्या बिल्टीवरच्या बारीक अक्षरांना एवढं वजन असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ओळीने ते घालवू नका.

आणखी एक. ऑफिसने वाहतूकदाराच्या जबाबदारीचा विमा काढला असेल तर त्याच्या अटी वाचा. अशा पॉलिसीत साधारण हे असतंच : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, पैशाचं वचन द्यायचं नाही. ‘सगळं भरून देतो’ लिहिलं की विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं.

तोच मेसेज, पुन्हा लिहून

मग पोराने काय लिहायला हवं होतं? हे बघा :

‘नमस्कार शेठ. तुमच्या १० बंडलांपैकी ४ बंडलं आज सकाळी ८ वाजता मनमाड गोदामात गाडी उतरवताना ओली आढळली. बघून आम्हालाही वाईट वाटलं, तुमची अडचण कळते. बाकीची ६ कोरडी आहेत, ती आज संध्याकाळच्या गाडीने पुढे जातील. ओली बंडलं वेगळी ठेवलीत, फोटो सोबत पाठवतोय. ती उघडून वाळवायची की परत पाठवायची, ते दुपारपर्यंत सांगा, म्हणजे कापड आणखी खराब होणार नाही. पाणी कुठून लागलं ते तपासतोय, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी स्वतः कळवतो. क्लेमसाठी मालाचं बिल आणि बिल्टीचा फोटो पाठवा. नुकसानीचा विचार बिल्टीच्या अटींप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे होईल.’

हा मेसेज आधीच्यापेक्षा लांब आहे आणि यात माणुसकी कमी झालेली नाही. शेठला आधी काय मिळालं होतं? एक सॉरी आणि एक हवेतलं वचन. आता त्याला फोटो मिळाले, ६ बंडलं कधी पोहोचतील ते कळलं, ओल्या मालाचं काय करायचं हे ठरवायची संधी मिळाली आणि उत्तराचा वार मिळाला. चिडलेल्या ग्राहकाला ‘चूक कुणाची’ यापेक्षा ‘आता पुढे काय’ हे आधी हवं असतं.

शेठ डॅमेज सर्टिफिकेट मागेल, कारण त्याचा स्वतःचा माल-विमा असेल तर तिथे ते लागतं. ते नाकारू नका. फक्त त्यातही तोच नियम पाळा. ‘४ बंडलं ओल्या अवस्थेत’ असा मालाच्या स्थितीचा शेरा द्या, ‘ताडपत्री सैल असल्यामुळे’ असं कारण जोडू नका.

लपवणं वेगळं, घाई न करणं वेगळं

आता काही जण म्हणतील, ‘म्हणजे गोड बोलून हात वर करायचे!’ नाही. शुक्रवारी ताडपत्री फाटकीच होती असं कळलं आणि ग्राहकाने विचारलं, तर खोटं बोलायचं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी धरलीय. कुणाचं घरगुती सामान असेल तर तो माणूस ग्राहक आयोगात जाऊ शकतो आणि तिथे दडवादडवी मूळ नुकसानीपेक्षा महागात पडते.

हरवलेल्या मालाबाबत तर हे जास्तच खरं आहे. ‘हरवला’ लगेच लिहू नका. ‘अजून सापडलेला नाही, अमुक गोदामात शोधतोय’ लिहा. पण ‘शोध चालू आहे’ म्हणत महिनोन् महिने झुलवूही नका. २००७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे वाहतूकदारावर दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. ग्राहकाला गोड बोलून ते दिवस संपवणं ही सरळ फसवणूक आहे. आणि तुम्ही ग्राहक असाल तर हा आकडा आजच लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘बघतो शेठ’वर विसंबू नका, लेखी नोटीस द्या.

समजा, मालकाला १५,००० पेक्षा जास्त द्यायचेत, कारण शेठ वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे. जरूर द्यावेत. पण ते बोलणं वेगळं करा. कलम २१ म्हणतं की दिवाणी वादात ‘हे पुराव्यात वापरायचं नाही’ अशा स्पष्ट अटीवर, किंवा दोघांची तशी समज होती असं दिसणाऱ्या परिस्थितीत दिलेली कबुली वापरता येत नाही. म्हणून आधी लिहून घ्या : ‘हे फक्त तडजोडीचं बोलणं आहे, जबाबदारी मान्य न करता, आणि दोघांपैकी कुणी हे कोर्टात दाखवणार नाही.’ शेठचा ‘ओके’ आला की मग आकड्यावर बोला. पैसे देताना ‘या मालाबद्दल पूर्ण आणि अंतिम’ अशी सही केलेली पावती घ्या. नुसतं मेसेजच्या वर ‘हक्क अबाधित’ लिहून खाली ‘आमचीच चूक’ लिहिलं, तर ते कवच फार काळ टिकत नाही.

आणि मेसेज आधीच गेला असेल तर?

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करू नका. शेठने स्क्रीनशॉट काढलेला असतो आणि डिलीट केलेला मेसेज जास्तच संशयास्पद दिसतो. कलम २५ सांगतं की कबुली हा अंतिम पुरावा नसतो. ती चुकीची किंवा अंदाजाने दिलेली होती हे दाखवता येतं. म्हणून त्याच दिवशी, त्याच चॅटमध्ये शांतपणे लिहा : ‘शेठ, सकाळी घाईत कारण लिहिलं ते तपासणीआधीचा अंदाज होता. तपासून शुक्रवारी कळवतो.’ कारण खरोखर वेगळं निघालं तर ही ओळ उपयोगी पडेल. ते तेच निघालं, तर निदान नक्की माहीत असताना बोललात.

ऑफिसमध्ये काउंटरवरच्या पोराला एवढंच शिकवा : सकाळी काय झालं ते आणि वाईट वाटलं ते लिही. का झालं ते तपासून, मालकाला विचारून. किती देणार ते फक्त मालकाच्या सहीने.

तुमच्याकडे असा एखादा गेलेला मेसेज असेल तर ग्राहकाचं नाव आणि नंबर काढून आम्हाला पाठवा, पुढच्या भागात तो पुन्हा लिहून बघू. आणि मोठ्या रकमेचा मामला असेल तर आधी वकिलाला दाखवा, मग सेंड दाबा. भेटूया!